उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती हिरवट-करडी रिंग का येते आणि ती कशी टाळायची

प्रश्न: अंडी उकडून कापली की पिवळ्याभोवती हिरवट राखाडी रिंग दिसते. 4 अंडी केली तर बहुतेक वेळा ठीक असतात, 20 केली की हमखास येते. आतून कच्ची राहू नयेत म्हणून मी 20 मिनिटं उकळते, मग झाकण ठेवून तशीच गार होऊ देते. पाण्यात मीठ आणि व्हिनेगर घालूनही बघितलं, फरक नाही. अंडी शिळी असतात का? अशी खाल्ली तर चालतात का?

उत्तर:

ताई, आधी शेवटचं सांगतो म्हणजे काळजी मिटेल, अशी अंडी खाल्ली तर काहीही होत नाही. रिंग म्हणजे अंडं खराब झाल्याची खूण नाही, बुरशी नाही, विषारी वगैरे तर अजिबात नाही. दिसायला वाईट दिसतं, गंधकासारखा थोडा वास येतो आणि बलक जरा कोरडा, भुसभुशीत लागतो, एवढंच नुकसान आहे. टाकून द्यायचं अंडं वेगळं असतं, ते फोडल्या फोडल्या घाणेरडा वास मारतं, किंवा त्याच्या पांढऱ्या भागातच काळे-हिरवे डाग दिसतात. तुमची रिंग बरोबर पांढरं आणि पिवळं जिथे भेटतं तिथेच आहे ना, मग ती शिजवण्यातून आलेली आहे.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे 4 आणि 20 चा फरक. तेच दुकान, तीच अंडी, तेवढीच मिनिटं आणि तरी 4 ठीक आणि 20 हिरवी, म्हणजे दोष अंड्यांचा असायची शक्यता कमी आहे. मी मोठ्या किचनमध्ये काम करतो, तिथे अंडी पातेलं भरभरून उकडली जातात आणि नवीन आलेला प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. सगळ्यांचं लक्ष उकळायच्या मिनिटांवर असतं. पण रिंगचा मोठा भाग शेगडी बंद केल्यानंतर तयार होतो, अंडं गरम पाण्यात किंवा नुसतंच ढिगात गरम पडून असतं तेव्हा. 20 अंडी गार व्हायला 4 अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतात, तुमच्या 4 आणि 20 मधलं कोडं बहुतेक इथेच आहे.

पण का होतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा ते कळलं की बाकीचे उपाय पाठ करायची गरज राहत नाही.

अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रोटीनमध्ये गंधक असतं. पांढरं शिजून घट्ट होतं तोपर्यंत विशेष काही घडत नाही, पण घट्ट झाल्यावरही त्याला उष्णता मिळतच राहिली की ते प्रोटीन तुटायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू थोडा थोडा सुटतो. जास्त उकडलेलं अंडं सोलताना जो टिपिकल वास येतो तो याचाच. दुसरीकडे बलकात लोह असतं, अंड्यातलं जवळजवळ सगळं लोह बलकातच असतं. हा वायू बलकाच्या कडेला पोचला की तिथल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि फेरस सल्फाइड तयार होतं. ते खरं तर काळं असतं, पण पिवळ्यावर त्याचा अगदी पातळ थर बसतो म्हणून आपल्याला हिरवट-करडं दिसतं.

पुढच्या वेळी रिंग आलेलं अंडं कापलंत तर जरा जवळून बघा. बलक अख्खा बाहेर काढा आणि बोटाने त्याचा पृष्ठभाग हलकेच घासा. हिरवट थर निघून येतो आणि खाली स्वच्छ पिवळं दिसतं. बलक आतपर्यंत हिरवा कधीच नसतो. वायू बाहेरून येतोय आणि पहिलं लोह भेटतं तिथेच अडकतोय, त्यामुळे आत जायला उरतच नाही.

आता वायू आतच का जातो, बाहेर का नाही, हा प्रश्न इथे कळीचा आहे. टिंकलर आणि सोअर या दोघांनी 1920 मध्ये यावर पेपर लिहिला होता आणि त्यांचं स्पष्टीकरण आजही कामाला येतं. अंडं उकळत्या पाण्यात असतं तेव्हा त्याची बाहेरची बाजू सगळ्यात गरम आणि मधला बलक सगळ्यात गार असतो, म्हणून वायू गरम भागाकडून गार भागाकडे म्हणजे आत बलकाकडे सरकतो. तेच अंडं एकदम थंड पाण्यात टाकलं की चित्र उलटं होतं, आता बाहेरची बाजू गार आणि आतली गरम, मग वायू टरफलाच्या दिशेने बाहेर खेचला जातो. म्हणजे थंड पाण्याचा फायदा दोन्हीकडून होतो, नवीन वायू सुटायचा थांबतो आणि सुटलेला वायू बलकापासून लांब जातो. आणि अंडं हळूहळू गार झालं तर? पांढरं बराच वेळ गरम राहतं, वायू सुटत राहतो आणि त्याला बाहेर ओढणारं काहीच नसतं. झाकण ठेवून गार करायची तुमची पद्धत म्हणजे नेमकं हेच.

मग किती मिनिटं उकळायचं? इथे मला 'अवलंबून आहे' असं म्हणावंच लागतं, पण कशावर अवलंबून आहे ते सांगतो. अंड्याचा आकार, ते फ्रिजमधून काढलंय की बाहेर ठेवलेलं आहे, आणि पाणी गार असताना टाकलंय की उकळी आल्यावर, या तीन गोष्टी. माझा हिशोब उकळत्या पाण्याचा आहे. 55 ते 60 ग्रॅमचं अंडं फ्रिजमधून थेट उकळत्या पाण्यात सोडलं तर 11 ते 12 मिनिटांत बलक मधोमध पूर्ण घट्ट होतो. बाहेरच्या तापमानाचं असेल तर साधारण मिनिटभर कमी. 45 ग्रॅमच्या आसपासचं छोटं अंडं असेल तर 9 ते 10 मिनिटं पुरतात. बलक घट्ट व्हायला 70 अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं, त्यामुळे 20 मिनिटं उकळून अंडं जास्त चांगलं शिजतं असं नाही, ते 12 मिनिटांतच शिजलेलं असतं, पुढची 8 मिनिटं फक्त बलक कोरडा करण्यात आणि वायू तयार करण्यात जातात. आतून कच्चं राहायची तुमची भीती समजू शकतो, पण त्यावर उपाय जास्तीची मिनिटं हा नाही, एक अंडं कापून बघणं हा आहे, त्याबद्दल खाली लिहितोच.

तुम्ही खूप उंचावरच्या ठिकाणी राहत असाल तर मात्र मिनिटं वाढवावी लागतील. 1500 मीटर उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, तिथे एक-दोन मिनिटं जास्त द्या.

गार पाण्यात अंडी टाकून मग शेगडी चालू करायची, ही पद्धत खूप जण वापरतात आणि 2-4 अंड्यांना ती चालूनही जाते. पण 20 अंड्यांना मी ती वापरू देत नाही. मोठं पातेलं उकळायला 15 मिनिटंही लागतात, शेगडी मोठी असेल तर कमी, आणि त्या वेळात अंडं किती शिजलं याचा काही पत्ता लागत नाही. मग आपण उकळी आल्यापासून परत 12 मिनिटं मोजतो आणि प्रत्यक्षात अंड्याला त्याच्या दीडपट उष्णता मिळालेली असते. उकळी आली की शेगडी बंद करून झाकण ठेवायची जी पद्धत आहे तिचंही असंच, पातेलं जाड की पातळ, पाणी किती, यावर सगळं ठरतं. तुमच्या एकाच पातेल्यात तेवढ्याच अंड्यांना ती बसवलीत तर बसेल, पण आकडा बदलला की परत नव्याने बसवावी लागेल. शिवाय उकळत्या पाण्यात टाकलेली अंडी सोलायलाही सोपी जातात, गार पाण्यापासून सुरू केलेल्यांचं पांढरं आतल्या पापुद्र्याला जास्त चिकटतं.

आता तुमचीच 20 अंडी घेऊन सगळं करून बघू.

अंदाजे 55 ग्रॅमचं एक धरलं तर 20 अंडी म्हणजे 1.1 किलो. मोठं पातेलं घ्या ज्यात अंडी एकावर एक न ढिगारता एका थरात किंवा फार तर दीड थरात मावतील, आणि 4 लिटर पाणी खळखळ उकळवा. त्यात फ्रिजमधली 20 अंडी एकदम सोडली तर उकळी थांबणारच आणि परत यायला काही मिनिटं लागतील, म्हणून शक्य असेल तर अंडी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. गार अंड्याला उकळत्या पाण्यात तडा जायची शक्यताही त्याने कमी होते. झाऱ्याने हळूच सोडायची, वरून टाकायची नाहीत. टायमर शेवटचं अंडं आत गेल्यावर लावायचा आणि शेगडी मोठीच ठेवायची, उकळी परत आली की मध्यम करायची. पाणी जोरात खदखदत ठेवून काही फायदा नाही, तापमान 100 च्या वर जात नाही, फक्त अंडी एकमेकांवर आपटून फुटतात. शेगडी लहान असेल आणि उकळी परत यायला 3-4 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर सरळ 10-10 चे दोन घाणे करा, ते जास्त सोपं पडतं.

आणि एक अंडं जास्तीचं टाका, 21 वं. हे परीक्षेचं अंडं. बाहेरच्या तापमानाची अंडी असतील तर 11 व्या मिनिटाला ते काढायचं, गार पाण्याखाली अर्धा मिनिट धरायचं आणि सरळ चाकूने मधून कापायचं. बलक मधोमध ओलसर, गडद आणि चकचकीत दिसला तर बाकीच्यांना अजून एक मिनिट द्या. सगळीकडे एकसारखा फिका पिवळा आणि कडेला हिरवं काहीच नाही, तर त्याच क्षणी शेगडी बंद करून अंडी काढायला घ्या. आपल्याकडच्या मोठ्या घाण्याला मी आजही असंच करायला लावतो, कारण अंड्यांचा आकार, शेगडीची आच, पातेलं, या सगळ्याचं उत्तर एकाच अंड्यात दिसतं, घड्याळाला ते कळत नाही.

आता खरा भाग, गार करणं. पातेलं उतरवल्यावर एक मिनिटही अंडी त्या पाण्यात राहू देऊ नका. गरम पाणी ओतून द्यायचं किंवा झाऱ्याने अंडी काढायची, जे जमेल ते, आणि लगेच थंड पाण्यात. इथे 'थंड पाणी' म्हणजे किती आणि कसलं, यातच सगळे फसतात. थोडा हिशोब करून दाखवतो. शिजलेली 20 अंडी सरासरी 90 अंशांची धरा. ती नळाच्या 25 अंशांच्या 2 लिटर पाण्यात टाकली आणि तशीच ठेवली तर पाणी आणि अंडी मिळून 45 अंशांच्या आसपास येऊन थांबतात. म्हणजे हात घातला तर पाणी चांगलंच कढत लागेल. 4 अंडी त्याच 2 लिटरमध्ये टाकली असती तर पाणी जेमतेम 30 ला गेलं असतं. तुमच्या 4 आणि 20 चा फरक इथे आकड्यात दिसतो. त्या 20 अंड्यांचं पाणी सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच गरम होऊन बसतं, त्यामुळे पुढे अंडी हळूहळू गार होतात आणि वायूला बाहेर ओढायचं काम नीट होतच नाही.

त्याच 2 लिटर पाण्यात 1 किलो बर्फ घातला तर हिशोब 12 अंशांच्या आसपास येतो. बर्फ वितळताना खूप उष्णता खातो, म्हणून एवढा मोठा फरक पडतो. सोपा नियम लक्षात ठेवायचा असेल तर जेवढं अंड्यांचं वजन तेवढंच बर्फाचं. बर्फ कमी असेल तर पाणी बदलायचं, पहिलं पाणी टाकल्यावर मिनिट-दीड मिनिटात ओतून द्यायचं, दुसरं घ्यायचं, तेही कोमट झालं की तिसरं. नळाखाली भांडं ठेवून पाणी वाहतं ठेवलं तरी चालतं, फक्त अंडी मधूनमधून हलवा, नाहीतर ढिगाच्या मधली तशीच गरम राहतात. बर्फाच्या पाण्यात निदान 10 ते 15 मिनिटं ठेवायची. टरफल हाताला गार लागलं म्हणजे अंडं गार झालं असं नाही, टरफल एका मिनिटात गार लागतं आणि बलक तेव्हा चटका देण्याइतका गरम असतो. खात्री करायची असेल तर एक अंडं फोडून बलकाला बोट लावा.

एक चूक मी फार ठिकाणी बघतो, गरम पाणी ओतून टाकतात आणि अंडी चाळणीत किंवा परातीत ढीग करून ठेवतात, नंतर सोलू म्हणून. पाण्यातून काढली म्हणजे शिजणं थांबलं असा समज असतो. पण ढिगातली अंडी एकमेकांना गरम ठेवतात, हवेत उष्णता पाण्यापेक्षा फार हळू जाते आणि मधली अंडी अर्धा तासानेही गरम असतात. सोलल्यावर वरची 4-5 स्वच्छ आणि मधली सगळी हिरवी, असं दिसलं तर हेच कारण समजायचं.

आता अंडी शिळी असतात का, या प्रश्नाकडे येतो. रिंगचं मुख्य कारण वेळ आणि गार करणं हेच, पण जुन्या अंड्यात रिंग लवकर आणि जास्त येते हे खरं आहे. टरफलाला अगदी बारीक छिद्रं असतात, त्यातून अंड्यातला कार्बन डायऑक्साइड दिवसागणिक बाहेर जातो आणि पांढऱ्याचा पीएच वाढत जातो. ताज्या अंड्यात तो साधारण 7.6 ते 7.9 असतो, जुन्या अंड्यात 9 च्या वर जातो. पांढरं असं अल्कलाइन झालं की गरम केल्यावर त्यातून हायड्रोजन सल्फाइड जास्त सहज सुटतो. म्हणून 12 मिनिटांत ताजं अंडं स्वच्छ निघेल आणि तीन-चार आठवड्यांचं अंडं तेवढ्याच वेळात कडेला करडं दिसेल.

पण अगदी ताजी अंडी घ्या असं मी सांगणार नाही, कारण तीच अंडी सोलताना रडवतात. पीएच कमी असतो तेव्हा पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं आणि सोलताना खड्डे पडतात. म्हणजे एकीकडे सोलायला थोडं जुनं बरं आणि दुसरीकडे रिंग टाळायला ताजं बरं. माझा अनुभव असा की फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेलं अंडं या दोन्हीच्या मधे चांगलं बसतं. वय माहीत नसेल तर उकडायच्या आधी पाण्याच्या भांड्यात सोडून बघा. आडवं तळाला बसलं तर ताजं आहे. तळालाच पण उभं राहिलं तर जुनं आहे, ते उकडायला चालेल पण मिनिटभर कमी द्या आणि गार करण्यात अजिबात हयगय नको. वर तरंगलं तर ते मी वापरत नाही.

जुन्या अंड्याची अजून एक गंमत कापल्यावर दिसते. बलक मधोमध नसतो, एका बाजूला टरफलाला जवळजवळ चिकटलेला असतो, कारण त्याला मधे धरून ठेवणारे दोरे सैल झालेले असतात आणि पांढरंही पातळ झालेलं असतं. अशा अंड्यात रिंग सगळीकडे सारखी नसते, बलक टरफलाच्या जवळ असेल त्या बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकी, कारण जवळच्या बाजूला उष्णता आधी पोचते.

मीठ आणि व्हिनेगरबद्दल. मिठाचा रिंगशी काही संबंध नाही. व्हिनेगरचा तर्क लोक असा लावतात की आंबटाने पीएच खाली येईल, तर्क चुकीचा नाही, पण टरफल आणि पापुद्रा ओलांडून 12 मिनिटांत व्हिनेगर बलकाच्या कडेपर्यंत पोचणार कसं? तडा गेलेल्या अंड्यातून पांढरं बाहेर येत असेल तर ते लवकर गोठायला मीठ आणि व्हिनेगर दोन्ही मदत करतात, तेवढ्यासाठी घालायचं तर घाला. सोडा मात्र घालू नका. सोलायला सोपं जावं म्हणून काही जण खायचा सोडा घालतात, पण सोडा म्हणजे परत अल्कलाइन, वास वाढतो आणि आपल्याला नको त्याच दिशेला मदत होते.

प्रेशर कुकरबद्दल कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो. पूर्ण प्रेशरला कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं आणि शिट्टी झाल्यावर प्रेशर उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही, म्हणजे जास्त उष्णता आणि वर गार करायला उशीर, दोन्ही एकदम. साध्या कुकरमध्ये मी अंडी करत नाही. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी न लावता, तळाला थोडं पाणी घालून जाळीवर अंडी ठेवून नुसत्या वाफेवर 12 मिनिटं करा, मिनिटं वाफ बाहेर यायला लागल्यापासून मोजा. वाफेवरची अंडी सोलायलाही चांगली निघतात.

उकडून झाल्यावर एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्वच्छ पिवळं निघालेलं अंडंसुद्धा नंतर परत जोरात गरम केलं तर त्याला रिंग येऊ शकते, कारण गंधक आणि लोह दोन्ही आत आहेतच. आधी उकडून ठेवलेली अंडी वाढायच्या आधी परत उकळू नका, किंवा तासभर गरम पाण्यात बुडवून ठेवू नका. सोललेली अंडी गरम करायची असतील तर हाताला सोसवेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात 5-7 मिनिटं पुरतात. टरफलासकट फ्रिजमध्ये ठेवलीत तर आठवडाभर राहतात, फक्त उकडल्यापासून दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजेत.

एवढं सगळं करूनही रिंग आली तर कुठे चुकलं ते अंडंच सांगतं, कापून बघा. रिंग जाड आहे आणि बलक चुऱ्यासारखा कोरडा आहे, तर मिनिटं जास्त झाली, पुढच्या वेळी एक-दोन कमी करा. बलक आतून छान ओलसर, मऊ आहे आणि फक्त कडेला पातळ करडी रेघ आहे, तर उकळणं बरोबर होतं पण गार करायला उशीर झाला किंवा बर्फ कमी पडला. रेघ एकाच बाजूला आहे आणि बलक सरकलेला आहे, तर अंडी जुनी होती. आणि घाण्यातली काही स्वच्छ, काही हिरवी निघाली तर भांड्यात ती दाटीवाटीने होती, गार पाणी सगळ्यांपर्यंत सारखं पोचलं नाही. तुमच्या 20 मिनिटांच्या हिशोबावरून मला वाटतं तुमच्याकडे पहिला आणि दुसरा, दोन्ही प्रकार एकत्र होतायत. दोन्ही एकदम बदलता येत नसतील तर आधी झाकण ठेवून गार करणं बंद करा, मिनिटं नंतर कमी केलीत तरी चालेल.